अकरावा कोयता

आधी हा उतारा वाचा. प्रश्न नंतर.

‘दसरा झाला तसा मुकादम वस्तीवर येऊन बसला. यंदा कारखान्याने त्याच्याकडे बारा कोयते मागितले होते. जमले होते दहाच. संध्याकाळी सखूबाई आणि तिचा नवरा ओट्यावर आले. दोघांनी उचल घेतली, कागदावर अंगठे उठवले आणि अकरावा कोयता ठरला. बाराव्यासाठी मुकादमाने लक्ष्मणला गाठलं. पण लक्ष्मणची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. “एकटा येतो,” लक्ष्मण म्हणाला. मुकादमाने मान हलवली. “मग तुझा अर्धाच धरीन, आणि उचलही निम्मीच.” पाच महिन्यांनी हिशेब झाला तेव्हा सखूबाईची उचल फिटायला अजून आठ हजार बाकी होते. ते पुढच्या हंगामावर गेले.’

आता प्रश्न. वरील उताऱ्यात ‘कोयता’ हा शब्द कोणत्या अर्थाने आला आहे? (१) ऊस तोडण्याचं हत्यार (२) मजुरांची टोळी (३) ऊसतोडीला जाणारं जोडपं (४) कामाचा करार.

शिष्यवृत्तीच्या पेपरापासून स्पर्धा परीक्षांपर्यंत भाषेच्या भागात उतारा असतो, आणि उताऱ्याखाली असा एखादा प्रश्न असतो. मुलं त्याला ‘शब्दार्थाचा प्रश्न’ म्हणतात, आणि बरेचसे शिक्षकही. त्यामुळे त्याची तयारी म्हणून समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्या जातात. हा प्रश्न मात्र याद्या पाठ असलेल्याला अडवण्यासाठीच रचलेला असतो. ‘कोयता’ हा शब्द माहीत नाही असं मूल महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, आणि ते माहीत असणं हाच इथला सापळा आहे. घाईत असलेलं मूल शब्द पाहतं, पहिला पर्याय पाहतं, गोल काळा करतं आणि पुढे जातं.

पहिला पर्याय शब्दकोशाप्रमाणे बिनचूक आहे. तो उताऱ्यात चालत नाही, इतकंच. कोयता हत्यार असेल तर कारखाना मुकादमाकडे बारा हत्यारं कशाला मागेल? बरं, मागितलीही असतील. लोक काय वाटेल ते मागतात. पण नवराबायको आले, अंगठे उठवले आणि ‘अकरावा कोयता ठरला’ या वाक्यात हत्यार बसत नाही. हत्यार ठरत नाही. आणि लक्ष्मण एकटा आला म्हणून हत्यार अर्धं होत नाही. इथे कोडं सुटतं. दोन माणसं आली तेव्हा मोजणी एकाने वाढली, एक माणूस येतो म्हणाला तेव्हा ती अर्ध्याने वाढणार. म्हणजे एक कोयता बरोबर दोन माणसं, आणि तीही नवराबायको, कारण लक्ष्मणच्या बाबतीत अडचण बायको नसण्याचीच आहे. बीड जिल्ह्यातल्या किंवा पाथर्डीकडच्या वाचकाला हे सांगायची गरज नाही. ऊसतोडीच्या धंद्यात जोडप्याला कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता.

हे उत्तर ज्याला आधी माहीत नव्हतं त्याने ते काढलं कुठून? शब्दाच्या आजूबाजूच्या वाक्यांतून, आणि त्यातही एका विशिष्ट जागेतून. ‘बारा कोयते मागितले’ हे वाक्य शब्दाच्या पहिल्या वापराला चिकटून आहे, पण त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. खरा पुरावा तीन वाक्यं पुढे आहे आणि त्याची खातरजमा आणखी पाच वाक्यं पुढे. पुष्कळ मुलं अडतात ती इथेच. शब्द जिथे पहिल्यांदा दिसला ते एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा वाचतात. मराठी लिहिणारा माणूस शब्द आधी टाकतो आणि उलगडा मागाहून करतो, किंवा करतच नाही, सरळ पुढच्या प्रसंगात तो शब्द वापरून दाखवतो. म्हणून वाचणाऱ्याने शब्दापासून पुढे जायला हवं, आणि शब्द पुन्हा आला असेल तर त्याची प्रत्येक जागा पाहायला हवी. एका जागी चालणारा अर्थ दुसऱ्या जागी मोडतो, आणि जो सगळीकडे टिकतो तो खरा.

त्याच उताऱ्यातला दुसरा शब्द घ्या, ‘उचल’. पर्याय असे : दिवसाची मजुरी, वरची बक्षिसी, नुकसानभरपाई, आगाऊ रक्कम. ‘दोघांनी उचल घेतली’ इथे चारही पर्याय चालतात. ‘उचलही निम्मीच’ इथेही मजुरी आरामात चालते. एकट्याला निम्मी मजुरी, यात काय चुकीचं? ज्या मुलाने इथे थांबून उत्तर दिलं ते मजुरीवर खूण करणार. पण शेवटून दुसऱ्या वाक्यात उचल ‘फिटायला’ बाकी आहे. मजुरी मिळते, ती फिटत नाही. बक्षिसी आणि भरपाईही फिटत नाहीत. फिटतं ते देणं, आणि पाच महिने राबूनही ते फिटलेलं नाही, म्हणजे ते कामाच्या आधी घेतलेलं होतं. एका क्रियापदाने तीन पर्याय बाद केले. अशा वेळी नामाकडे टक लावून बसण्यापेक्षा त्याच्याबरोबर कोणतं क्रियापद चालतं आहे ते पाहावं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून वाक्य शेवटपर्यंत वाचणं भाग आहे.

आता थोडं प्रश्न घडवणाऱ्याच्या बाजूने पाहू, कारण तिथे अधिक मजा आहे. चांगला प्रश्न आणि वाईट प्रश्न ओळखायला दोन झाकण्या पुरतात. पहिली झाकणी उताऱ्यावर. उतारा हाताने झाकायचा आणि नुसता प्रश्न व पर्याय एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याला दाखवायचे. त्याने उत्तर बरोबर दिलं तर उताऱ्याची गरजच नव्हती. तो साधा समानार्थी शब्दाचा प्रश्न आहे आणि त्याच्या डोक्यावर उतारा उगाच लादला आहे. ‘उताऱ्यातील “आनंद” या शब्दाचा समानार्थी शब्द निवडा’ हा असाच प्रश्न, आणि आपल्या सराव पुस्तिका अशा प्रश्नांनी भरलेल्या असतात. दुसरी झाकणी शब्दावर. उतारा उघडा ठेवायचा आणि फक्त तो शब्द खोडून गाळलेली जागा करायची. वाचून जागा अंदाजाने भरता आली तर उतारा खरोखर अर्थ देतो आहे. नाही आली, तर उत्तर पानावर नाहीच, आणि मग प्रश्न पुन्हा पाठांतराकडे जातो. पहिल्या झाकणीत नापास आणि दुसरीत पास, असं व्हायला हवं.

अमेरिकेतल्या सॅट या परीक्षेचा प्रवास पाहिला तर हीच दोन टोकं दिसतात. आपल्याकडची बरीच मुलं तिकडच्या महाविद्यालयांसाठी ती देतात. त्या परीक्षेत पूर्वी विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न असत, ते १९९४मध्ये गेले. ‘अमुकाला तमुक तसं याला काय’ या जातीचे प्रश्न २००५मध्ये गेले. सुट्या वाक्यांतल्या गाळलेल्या जागा २०१६मध्ये गेल्या. या सगळ्या काळात अवघड आणि एरवी कोणी न वापरणाऱ्या शब्दांच्या याद्या पाठ करण्याचा एक मोठा उद्योग तिथे उभा राहिला होता. आता परीक्षा संगणकावर असते, उतारे २५ ते १५० शब्दांचे असतात आणि प्रत्येक उताऱ्यावर एकच प्रश्न असतो. त्यात शब्दांचे प्रश्न दोन प्रकारचे : एकात जागा गाळलेली असते, दुसऱ्यात शब्द दिलेला असतो आणि त्याला या मजकुरात ‘सर्वांत जवळचा’ अर्थ विचारलेला असतो. पहिला प्रकार म्हणजे आपली दुसरी झाकणीच, उघडपणे मांडलेली. दुसऱ्यातले शब्द पुष्कळदा साधेच असतात, पण ते आडवळणाच्या अर्थाने आलेले असतात.

‘सर्वांत जवळचा’ हे शब्द मुद्दाम आहेत. बरोबर पर्याय हा शब्दाचा हुबेहूब प्रतिशब्द असेलच असं नाही. चारांत तो जवळचा असतो, एवढंच. ‘आगाऊ रक्कम’ म्हणजे उचल नव्हे. उचलीत वर्षानुवर्षांचं बांधलेपण आहे, मुकादमाशी असलेलं नातं आहे, मुलीच्या लग्नासाठी घेतलेले पैसे आहेत. ते सगळं दोन शब्दांत येत नाही. परीक्षेत बसलेल्या हुशार मुलाला हे जाणवतं आणि ते ‘यातलं एकही बरोबर नाही’ म्हणून अडून बसतं. त्याने प्रश्न उलटा करावा : कोणते तीन पर्याय उताऱ्याशी भांडतात?

हे भांडण लावणं प्रश्न घडवणाऱ्याचं खरं काम. चुकीचे पर्याय लिहिणं हे बरोबर पर्याय लिहिण्यापेक्षा कठीण असतं, आणि आळस इथेच दिसतो. कोयत्याच्या प्रश्नात चौथा पर्याय म्हणून मी ‘पावसाळा’ लिहिला असता तर तो पर्याय नसल्यातच जमा. चौघांतला एक मेला की आंधळेपणाने खूण करणाऱ्याचा नेम चारात एकऐवजी तीनात एक लागतो. म्हणून प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरी, घडू शकणारी वाचनाची चूक हवी. हत्यार हा पर्याय वाचलंच नाही त्याच्यासाठी आहे. त्याने शब्दाचा ओळखीचा अर्थ उचलला. टोळी हा पर्याय अर्धवट वाचणाऱ्यासाठी. मुकादम माणसं जमवतो आहे हे त्याला कळलं, पण ‘दोघांनी’ हा शब्द त्याच्या नजरेतून सुटला. करार हा पर्याय जरा चांगलं वाचणाऱ्यासाठी आहे. कागद, अंगठे, ‘ठरला’ हे क्रियापद, सगळं त्याने पाहिलं.

आणि इथेच मघाचा प्रश्न फसतो. करार खरंच चुकीचा आहे का? कारखान्याने बारा करार मागितले, जरा विचित्र, पण चालेल. नवराबायकोने अंगठे उठवले आणि अकरावा करार ठरला. हे तर जोडप्यापेक्षा नीट बसतं. लक्ष्मण एकटा, म्हणून त्याचा करार अर्धा धरीन, चाललं. उताऱ्यातलं एकही वाक्य या पर्यायाला हाकलून लावत नाही. प्रश्न घडवणाऱ्याला धंद्यातला अर्थ माहीत असल्याने त्याला ‘जोडपं’ हे उत्तर लख्ख दिसतं आणि ते उताऱ्यातच लिहिलेलं आहे असा भास होतो. ते लिहिलेलं नसतं. या प्रकारच्या प्रश्नांत सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती अडाण्यांकडून नाही, विषय जाणणाऱ्यांकडून होते.

दुरुस्ती पर्याय बदलून करता येते, पण उतारा बदलणं बरं. लक्ष्मणच्या संवादानंतर एकच वाक्य घाला : ‘दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक हलला तेव्हा साडेअकरा कोयते आणि त्यांची लेकरं आत दाटीने बसली होती.’ करार ट्रकमध्ये बसत नाहीत आणि हत्यारांना लेकरं नसतात. आता वादाला जागा नाही. शिवाय ‘साडेअकरा’ या शब्दाने अर्ध्याची मोजणी पुन्हा पक्की होते. वाक्य फार उघड करतं, असा आक्षेप कोणी घेईल. घेऊ द्या. उत्तर कुठेच न सापडणाऱ्या प्रश्नापेक्षा शोधून सापडणारा प्रश्न केव्हाही चांगला.

असा दोष आधी कळावा म्हणून प्रश्न पेपरात जाण्यापूर्वी काही मुलांकडून सोडवून घेतात. मोजणीची रीत जुनी आणि सोपी आहे. सगळ्या पेपरातल्या एकूण गुणांनुसार मुलं ओळीने लावायची, वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के वेगळी काढायची आणि प्रत्येक गटाने कोणता पर्याय किती वेळा निवडला ते पाहायचं. समजा २०० मुलांनी कोयत्याचा मूळ प्रश्न सोडवला. वर ५४ आणि खाली ५४ येतील. वरच्यांपैकी ४१ जणांनी जोडपं निवडलं, ९ जणांनी करार, ३ जणांनी टोळी आणि एकाने हत्यार. खालच्यांपैकी जोडपं १५, करार ८, टोळी ९, हत्यार २२. हे आकडे मी उदाहरणासाठी मांडले आहेत, पण असा तक्ता वाचायला फार गणित लागत नाही. हत्यार आणि टोळी हे पर्याय नीट काम करतात, कारण त्यांत प्रामुख्याने कच्चे वाचक अडकतात. करार मात्र वरच्या गटालाही खालच्याइतकाच ओढतो आहे. चांगली वाचणारी ९ मुलं एखाद्या ‘चुकीच्या’ पर्यायाकडे जातात तेव्हा बहुतेक वेळा चूक मुलांची नसते.

तपासणी न होता प्रश्न परीक्षेत गेला तर तोच वाद हरकतींच्या रूपाने येतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, उमेदवार तिच्यावर हरकती घेतात, आणि अंतिम तालिकेत काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. उताऱ्यातल्या शब्दावर हरकत घेणारे बहुतेक जण शब्दकोशाचं पान जोडायच्या मागे असतात. ते पान इथे कामाचं नाही. शब्दाला तो अर्थ आहे, हे कोणी नाकारतच नाही. हरकत टिकायची असेल तर मुद्दा असा मांडायला हवा : मी निवडलेला अर्थ उताऱ्यातल्या अमुक अमुक जागी बसतो आणि त्याला खोटं ठरवणारं एकही वाक्य उताऱ्यात नाही. आयोगाच्या बाजूनेही प्रतिवाद तसाच व्हायला हवा, वाक्याकडे बोट दाखवून.

मराठीत या प्रश्नांना एक खास खोड आहे, आणि इंग्रजीतून उचललेल्या मार्गदर्शिका तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. तिथे सांगितलेली युक्ती अशी की पर्याय शब्दाच्या जागी ठेवून वाक्य वाचून पाहा. खटकलं तर पर्याय बाद. इंग्रजीत ती चालते. मराठीत शब्दाला लिंग आहे, आणि विशेषण व क्रियापद त्याच्यामागे फरफटत जातात. ‘उचलही निम्मीच’ इथे उचलीच्या जागी ‘कर्ज’ ठेवून पाहा : ‘कर्जही निम्मीच’. कानाला खटकतं. मूल पर्याय खोडून मोकळं होतं, आणि अर्थाने तो इतका दूर नव्हता. उलटही होतं : चारांत एकच पर्याय स्त्रीलिंगी असेल तर अर्थ न कळताही कान त्याच्यावर बोट ठेवतो. म्हणून मघाशी उचलीचे चारही पर्याय स्त्रीलिंगी ठेवले होते, आणि लांबीलाही साधारण सारखे. बरोबर उत्तर इतरांपेक्षा लांब आणि जपून लिहिलेलं असतं, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, पण त्यांनी प्रश्न घडवणाऱ्यांना चांगलं वाचलेलं असतं.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. उताऱ्यात शब्द ‘फडात’ किंवा ‘फडावर’ असा येतो आणि प्रश्नात ‘फड’ असा. मोठ्यांना यात काही वाटणार नाही, पण पाचवीतल्या मुलाला ‘मोळ्यांना’ आणि ‘मोळी’ यांची गाठ घालायला क्षणभर लागतो, आणि ज्याची घरची भाषा मराठी नाही त्याला त्याहून जास्त. उपाय साधा आहे. प्रश्नात शब्द उताऱ्यातल्याच रूपात द्यावा, अधोरेखित करावा आणि ओळ क्रमांक सांगावा. त्याने उत्तर फुटत नाही, फक्त शोधाशोध वाचते.

मुलाच्या बाजूला परत येऊ. प्रत्येक शब्दाचा अर्थ आजूबाजूला सापडतोच, असं वर्गात सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८३मध्ये एक लेख लिहिला, त्यात त्यांनी वाक्यसंदर्भाच्या चार जाती केल्या : अर्थाकडे बोट दाखवणारा, नुसती दिशा सांगणारा, काहीच न सांगणारा आणि चक्क फसवणारा. मराठीत ‘घुमी’ हा शब्द घेऊन पाहू. ‘धाकटी दिवसभर टकळी लावायची, थोरली मात्र घुमी, चार वेळा विचारावं तेव्हा एक शब्द.’ इथे अर्थ समोर आहे. ‘मात्र’ने दोघींना समोरासमोर उभं केलं आणि स्वल्पविरामापुढच्या शब्दांनी उलगडा केला. ‘ती घुमी असल्यामुळे बाईंना तिच्या मनातलं कळत नसे.’ इथे दिशा कळते, पण लबाड, लाजरी, अबोल, तिन्ही बसतात. ‘आमच्या वर्गात एक घुमी मुलगी होती.’ शून्य. आणि ‘मावशी आल्या की घर भरून जायचं, हसणं, गप्पा, पत्त्यांचे डाव. त्या घरातली ती घुमी मुलगी मला अजून आठवते.’ ज्याला शब्द माहीत नाही तो इथे खेळकर किंवा बडबडी असा अर्थ काढणार, आणि काढताना त्याने वाचनाचा एकही नियम मोडलेला नसणार.

चौथं वाक्य वाईट लिहिलेलं नाही. लेखकाला त्या भरल्या घरातली एकटी मुलगीच दाखवायची होती, आणि ज्याला शब्द येतो त्याला ती दिसते. लेखक वाचकाला शब्द शिकवायला बसलेला नसतो. म्हणून कथा-कादंबरीतला उतारा जसाच्या तसा उचलून त्यातल्या कुठल्याही शब्दाखाली रेघ मारली, तर प्रश्न तयार झाला असं होत नाही. आधी पाहावं लागतं की आजूबाजूची वाक्यं या चारांपैकी कोणत्या जातीची आहेत. दुसऱ्या झाकणीचं काम हेच. शिकवणाऱ्यानेही मुलांना काहीच न सांगणारी वाक्यं मुद्दाम दाखवावीत आणि ‘इथून कळत नाही’ हे उत्तर मान्य करावं. परीक्षेत तो पर्याय नसला तरी वाचनात तो रोज लागतो.

आणखी एक अट. आजूबाजूचे शब्दच कळत नसतील तर आजूबाजू कामाला येत नाही. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगातून निघालं, की मजकूर नीट कळायला त्यातले ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. वरच्या उताऱ्यात शहरी मुलाला मुकादम, उचल, कोयता, फिटणं, हंगाम असे पाच शब्द एकदम अडले तर त्याच्याकडून कोयत्याचा तर्क होण्याची अपेक्षा करू नये. तो एका अनोळखी शब्दाचा आधार घेऊन दुसरा अनोळखी शब्द शोधत राहील.

त्या अटीची दुसरी बाजू माझ्याच प्रश्नाला लागू पडते. पहिली झाकणी आठवा : उतारा झाकला तर उत्तर येता कामा नये. मुंबईच्या मुलाला ते येणार नाही. पण ज्याचे आईवडील दर दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात, त्या मुलाला उतारा न वाचताही ‘जोडपं’ हा पर्याय ओळखीचा वाटेल. कदाचित त्या चौघांत तो एकटाच पर्याय त्याने घरात ऐकलेला असेल. म्हणजे एकच प्रश्न एका मुलासाठी तर्काचा आणि दुसऱ्यासाठी घरच्या शब्दाचा ठरतो. एरवी हा तोल नेमका उलट बाजूला झुकलेला असतो. बँका, विमानतळ आणि वाचनालयांच्या उताऱ्यांत शहरी मुलाला घरचे शब्द मिळतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे एखाद्या पेपरात ऊसतोडीचा उतारा आला तर मला त्याचं वाईट वाटणार नाही. पण मोजायचं तर्कच असेल, तर दोन्ही बाजूंचे असे उतारे मोजमाप बिघडवतात.

संशोधक यावर एक उपाय वापरतात. शब्दच बनावट घ्यायचा. कोयत्याच्या जागी ‘झरुंडा’ लिहायचं : ‘कारखान्याने बारा झरुंडे मागितले होते’, ‘अकरावा झरुंडा ठरला’, ‘साडेअकरा झरुंडे आणि त्यांची लेकरं’. आता बीडचं मूल आणि दादरचं मूल सारख्याच अंधारात आहेत, आणि ज्याचं उत्तर बरोबर येईल त्याने ते वाक्यांतूनच काढलेलं असेल. प्रयोगाला हे ठीक. सार्वजनिक परीक्षेत कोणी असा शब्द छापला तर दुसऱ्या दिवशी पालक पेपर घेऊन दारात उभे राहतील, आणि त्यांचंही काही चुकणार नाही. उत्तर काढलं तरी मुलाच्या हाती शब्द काहीच लागत नाही. म्हणून परीक्षेत मधला मार्ग चालतो : एकाच पेपरात वेगवेगळ्या व्यवसायांतले, वेगवेगळ्या भागांतले तीन-चार उतारे ठेवायचे, म्हणजे प्रत्येक मुलाला एखादा उतारा घरचा आणि बाकीचे परके पडतात. चाचणीच्या तक्त्यातही मग जिल्ह्यानुसार वेगळी मोजणी करावी. बाकीच्या प्रश्नांत सारखे गुण मिळवणाऱ्या दोन जिल्ह्यांतल्या मुलांनी कोयत्यावर फारच वेगळी उत्तरं दिली असतील, तर त्या प्रश्नावर लाल खूण करून तो पुन्हा घडवायला पाठवायचा.